घटक ४ : पुरवठादाराशी झालेल्या वाटाघाटींचे इतिवृत्त

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
- संस्थेच्या सभेचे इतिवृत्त आणि वाटाघाटींच्या बैठकीचे इतिवृत्त यांतील फरक सांगता येईल;
- बैठकीतील बोलण्यातून मान्य मुद्दा, अनिर्णित मुद्दा आणि पक्षाची भूमिका वेगळी काढता येईल;
- या तिन्हींसाठी योग्य क्रियापदे व वाक्यरचना निवडता येतील;
- दिलेल्या संवादावरून वाटाघाटींचे इतिवृत्त तयार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण संस्थेच्या सभेच्या इतिवृत्ताचा अभ्यास केला. विषयपत्रिका, चर्चा, सूचक, अनुमोदक आणि ठराव या क्रमाने ते पुढे जाते. तेथे बोलणारे सर्वजण एकाच संस्थेचे घटक असतात. मतभेद झाले तरी अखेरीस बहुमताने एक निर्णय होतो आणि तो विरोधात मत देणाऱ्यांवरही बंधनकारक ठरतो. म्हणून 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठरले' हे वाक्य तेथे अगदी योग्य असते.

पुरवठादाराशी होणाऱ्या बैठकीत मात्र असे एक मंडळ नसते. टेबलाच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र पक्ष बसलेले असतात. एकाला वस्तू किंवा सेवा घ्यायची असते, दुसऱ्याला ती विकायची असते. तेथे मतदान नसते, सूचक-अनुमोदक नसतात आणि एका पक्षातील सर्वांचे एकमत झाले म्हणून दुसरा पक्ष बांधला जात नाही. दोघांनी एकच गोष्ट मान्य केली, तरच ती ठरली असे म्हणता येते. तरीही आपल्याकडे या बैठकींची इतिवृत्ते जुन्याच साच्यात लिहिली जातात. त्यामुळे एका पक्षाचे म्हणणे दोघांचा निर्णय म्हणून नोंदले जाते, मागणीला ठरावाचे रूप मिळते आणि अटीवर दिलेला दर बिनशर्त होऊन बसतो.

या घटकात आपण एकच उदाहरण घेऊन हा प्रश्न पाहणार आहोत. अभ्यासासाठी रचलेले हे उदाहरण एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराचे आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ बैठकीतील संवाद

सात मजली इमारतीत दोन लिफ्ट आहेत. देखभालीचा जुना करार संपत आला असून संस्थेने एका कंपनीकडून दरपत्रक मागविले आहे. संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार हे कंपनीच्या प्रतिनिधीशी बोलत आहेत. करार 'सर्वसमावेशक' असावा, म्हणजे मजुरीबरोबर सुट्या भागांचा खर्चही वार्षिक दरातच धरला जावा, हे दोन्ही पक्षांनी सुरुवातीलाच मान्य केले आहे. त्यापुढील बोलणे असे :

प्रतिनिधी : साहेब, आमचा दर एका लिफ्टला वर्षाला एक लाख आठ हजार. कर वेगळा.

खजिनदार : नव्वदच्या वर आम्हांला परवडणार नाही.

प्रतिनिधी : तीन वर्षांचा करार केलात आणि वर्षाचे पैसे आधी दिलेत, तर शहाण्णवपर्यंत आणता येईल. पण मला वर विचारावं लागेल.

सचिव : शहाण्णव चालेल. पण तीन वर्षं नाही, एकच वर्ष.

प्रतिनिधी : बघू. दोर मात्र आमच्याकडे येत नाही, तो खर्च सोसायटीचा.

अध्यक्ष : मग सर्वसमावेशक कशाला म्हणायचं? दोर धरूनच बोला.

प्रतिनिधी : बाकी सुटे भाग सगळे आमचे. दोराचं आपण बघू.

सचिव : माणूस अडकला तर किती वेळात याल?

प्रतिनिधी : पाऊण तासात आमचा माणूस पोहोचेल. नुसती बंद पडली असेल तर चार तासांत. फोन नोंदवल्यापासून.

सचिव : रात्रीसुद्धा?

प्रतिनिधी : रात्रीसुद्धा.

अध्यक्ष : ठीक आहे, हे आम्हांला मान्य. लिहून घ्या.

खजिनदार : आणि वेळेत आला नाहीत, तर दर वेळी बिलातून हजार रुपये कापू.

प्रतिनिधी : तशी वेळच येणार नाही, साहेब.

४.२.२ सदोष इतिवृत्त आणि त्याचा परिणाम

या बैठकीचे इतिवृत्त नेहमीच्या सवयीने पुढीलप्रमाणे लिहिले गेले असे समजा :

'दरासंबंधी सविस्तर चर्चा होऊन प्रति लिफ्ट वार्षिक रु. ९६,००० हा दर सर्वानुमते ठरला. सर्व सुटे भाग कंपनीकडे राहतील. दोराबाबत आपण पाहावयाचे ठरले. बिघाड झाल्यास कंपनीने तातडीने तंत्रज्ञ पाठवावा. विलंब झाल्यास रु. १,००० दंड आकारण्यात येईल.'

भाषा शुद्ध आहे, वाक्ये नीट आहेत आणि शैली कार्यालयीन आहे. तरी यातील एकही महत्त्वाचा तपशील विश्वासार्ह नाही. हे इतिवृत्त वाचून खजिनदार पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात दोन लिफ्टचे १,९२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, असे एकूण २,२६,५६० रुपये धरतील. कंपनीच्या मते मात्र ९६,००० हा दर तीन वर्षांच्या आणि आगाऊ रकमेच्या अटीवर होता. अट पाळली गेली नाही, म्हणून ती मूळ दराने करासह २,५४,८८० रुपयांचा हिशेब करील. फरक २८,३२० रुपयांचा आहे. तो भरून काढायचा तर सभासदांच्या मासिक वर्गणीला हात घालावा लागेल आणि सर्वसाधारण सभेत खजिनदारांना 'दर ठरला होता ना?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागेल.

येथे कोणीही खोटे बोललेले नाही. प्रतिनिधीने अट स्पष्ट सांगितली होती, सचिवांनी ती स्पष्ट नाकारली होती. लेखनात मात्र 'जर-तर' गळून पडले आणि फक्त आकडा उरला.

४.२.३ तीन प्रकारची विधाने

वाटाघाटींतील बोलणे लिहिताना तीन प्रकारची विधाने वेगळी ठेवावी लागतात.

*मान्य मुद्दा :* जी गोष्ट दोन्ही पक्षांनी त्याच स्वरूपात आणि कोणतीही अट शिल्लक न ठेवता स्वीकारली आहे, ती मान्य मुद्दा होय. वरील संवादात तंत्रज्ञ पोहोचण्याची मुदत हा असा मुद्दा आहे. प्रतिनिधीने वेळ सांगितली, ती कधीपासून मोजायची तेही सांगितले, रात्रीची शंका दूर केली आणि अध्यक्षांनी 'मान्य' म्हटले.

*अनिर्णित मुद्दा :* ज्या प्रश्नाचे एकच उत्तर दोन्ही पक्षांनी अद्याप स्वीकारलेले नाही, तो अनिर्णित मुद्दा. तो प्रश्नाच्याच रूपात लिहावा आणि त्याची मांडणी दोन्ही पक्षांना सारखीच मान्य होईल अशी असावी. 'कंपनी दोराचा खर्च टाळत आहे' ही तक्रार झाली. 'पोलादी दोर बदलण्याचा खर्च कोणी करावयाचा?' हा अनिर्णित मुद्दा झाला.

*भूमिका :* अनिर्णित प्रश्नावर एखाद्या पक्षाने बैठकीत मांडलेले म्हणणे म्हणजे भूमिका. तिला नेहमी कर्ता असतो : कोणत्या पक्षाने, कोणत्या अटीवर, काय म्हटले. भूमिका बदलू शकते. म्हणून ती त्या तारखेची नोंद असते आणि कायमचे वचन ठरत नाही.

अनिर्णित मुद्दा आणि भूमिका यांत गल्लत होण्याचा संभव अधिक असतो. प्रश्न दोघांचा असतो, भूमिका एकेकाची असते. प्रश्न न लिहिता केवळ भूमिका लिहिल्या, तर इतिवृत्त भांडणाच्या टिपणासारखे दिसते आणि पुढील बैठकीत नेमके काय सोडवायचे ते कळत नाही. भूमिका न लिहिता केवळ प्रश्न लिहिला, तर पुढील बैठक पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. म्हणून प्रत्येक भूमिका तिच्या प्रश्नाखालीच लिहावी.

४.२.४ 'चालेल' म्हणजे स्वीकृती नव्हे

सचिवांचे 'शहाण्णव चालेल' हे वाक्य या संवादातील सर्वांत फसवे वाक्य आहे. 'चालेल' हा शब्द ऐकताच लेखकाची लेखणी 'ठरले' कडे वळते. परंतु लगेच पुढे 'पण' आले आहे. प्रतिनिधीचा प्रस्ताव 'तीन वर्षे, आगाऊ रक्कम, ९६,०००' असा तीन भागांचा होता. सचिवांनी त्यातील आकडा उचलला, मुदत बदलली आणि रक्कम आगाऊ देण्याविषयी काहीच म्हटले नाही. ही मूळ प्रस्तावाची स्वीकृती नसून नवा प्रस्ताव आहे.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ७ नुसार प्रस्तावाचे वचनात रूपांतर होण्यासाठी स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. प्रस्तावात बदल करून दिलेला होकार हा प्रतिप्रस्ताव ठरतो. इंग्लंडमधील १८४० च्या हाइड विरुद्ध रेंच या खटल्यात याची पुढची पायरी दिसते. विक्रेत्याने शेतमळ्यासाठी १,००० पौंड मागितले. खरेदीदाराने ९५० देऊ केले. विक्रेत्याने ते नाकारले. नंतर खरेदीदार १,००० द्यायला तयार झाला, तेव्हा न्यायालयाने करार झालाच नाही असे ठरविले, कारण प्रतिप्रस्ताव देताच मूळ प्रस्ताव संपुष्टात आला होता.

इतिवृत्तलेखकाने यातून घ्यायचा बोध साधा आहे. बैठकीत एखादा आकडा उच्चारला गेला, एवढ्यावरून तो अजून शिल्लक आहे असे समजू नये. 'आगाऊ रकमेसह तीन वर्षांसाठी ९६,०००' हा प्रस्ताव सचिवांच्या उत्तरानंतरही कायम आहे का, हे प्रतिनिधीला बैठकीतच विचारून घ्यावे आणि त्याचे उत्तर नोंदवावे. या उदाहरणात ते विचारले गेले आणि प्रतिनिधीने, वरिष्ठांच्या संमतीवर अवलंबून, प्रस्ताव कायम असल्याचे सांगितले, असे आपण धरू.

प्रतिनिधीच्या 'मला वर विचारावं लागेल' या वाक्यालाही तेवढेच महत्त्व आहे. त्या दराला संमती देण्याचा अधिकार त्याला नाही, असे तो सांगत आहे. दुसऱ्या पक्षाने त्याच क्षणी होकार दिला असता, तरी ही नोंद 'मान्य' या सदरात बिनशर्त जाऊ शकली नसती. अशा वेळी कोणाची संमती बाकी आहे आणि ती केव्हापर्यंत कळवायची, हे लिहिणे आवश्यक असते.

४.२.५ मराठीच्या रचनेतील काही सापळे

*'ठरले' आणि लपलेला कर्ता :* 'ठरणे' हे अकर्मक क्रियापद आहे. 'दर ठरला' या वाक्यात दर हाच कर्ता होतो. तो ठरवणारी माणसे वाक्यात येतच नाहीत. मान्य मुद्द्यासाठी ही रचना चालते, कारण तेथे दोन्ही पक्ष अध्याहृत आहेत. इतरत्र तीच रचना वापरली की कोणी ठरवले हे झाकले जाते. म्हणून 'ठरले' आणि 'उभयपक्षी मान्य झाले' ही क्रियापदे केवळ मान्य मुद्द्यांसाठी राखून ठेवावीत. भूमिकेसाठी 'कंपनीने सांगितले', 'संस्थेने प्रस्ताव दिला', 'संस्थेने मागणी केली', 'कंपनीने असमर्थता दर्शविली' अशी सकर्तृक रचना वापरावी.

*'आपण' चे अनेक अर्थ :* मराठीत 'आम्ही' मध्ये ऐकणारा येत नाही, 'आपण' मध्ये येतो. हा फरक वाटाघाटींत फार उपयोगी पडतो. पण 'आपण' हे आदरार्थी द्वितीय पुरुषी सर्वनामही आहे आणि 'स्वतः' या अर्थाचे आत्मवाचकही आहे. 'दोराचं आपण बघू' यातील 'बघू' या रूपामुळे ते 'तुम्ही-आम्ही मिळून' असे बोलताना कळते. सदोष इतिवृत्तात मात्र ते 'दोराबाबत आपण पाहावयाचे ठरले' असे झाले. क्रियापदाचा पुरुष नाहीसा होताच आधारही गेला. आता संस्थेचा सभासद त्याचा अर्थ 'आम्ही, संस्थेने' असा लावील; कंपनीला ते पाठवले, तर कंपनी 'आदरणीय आपण' म्हणजे स्वतःलाच उद्देशून आहे असे समजेल. इतिवृत्तात सर्वनामे टाळून 'संस्था' आणि 'कंपनी' हीच नामे पुनःपुन्हा वापरावीत. पुनरुक्ती हा येथे दोष नाही.

*'-आवा' आणि '-ईल' :* 'कंपनीने तंत्रज्ञ पाठवावा' हे विध्यर्थी वाक्य आहे. त्यातून मागणी, अपेक्षा, सूचना किंवा कर्तव्य यांपैकी काहीही निघू शकते. 'दंड आकारण्यात येईल' यातील भविष्यकाळही संदिग्ध आहे : हा करार आहे की एका पक्षाचा इरादा? मान्य मुद्दा लिहिताना आधी मान्यतेचे क्रियापद आणि मग आशय, अशी मांडणी केल्यास संदिग्धता राहत नाही : 'फोन नोंदवल्यापासून ४ तासांच्या आत तंत्रज्ञ इमारतीत पोहोचण्याची मुदत उभयपक्षी मान्य झाली.'

*सौजन्याची उत्तरे :* 'बघू', 'तशी वेळच येणार नाही', 'त्याची काळजी करू नका' ही उत्तरे मराठी संभाषणात नकाराची धार बोथट करण्यासाठी येतात. त्यांत होकारही नाही आणि नकारही नाही. दंडाच्या मागणीवर प्रतिनिधीने दिलेले उत्तर नेमके असेच आहे. लेखकाने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावू नये. 'संस्थेने मागणी केली. कंपनीने निश्चित उत्तर दिले नाही' एवढीच नोंद खरी आहे.

*'तत्त्वतः मान्य' :* संवादात हा शब्दप्रयोग नसला, तरी अशा बैठकींत तो हमखास येतो. तत्त्व मान्य म्हणजे तपशील अमान्य किंवा न बोललेला. म्हणून त्याचे दोन तुकडे करावेत. जेवढे खरोखर मान्य आहे तेवढे एका सदरात आणि राहिलेला तपशील प्रश्नरूपाने दुसऱ्या सदरात लिहावा. 'तातडीने', 'शक्यतो', 'योग्य वेळी' हे शब्द दिसले, तरी तपशील सुटला आहे असे समजावे.

४.२.६ विषय फोडणे

विषयपत्रिकेवरील एक विषय म्हणजे एक मुद्दा असे नसते. 'बिघाड दुरुस्ती' या एका विषयात पोहोचण्याची मुदत मान्य आहे, तर विलंबाचा दंड अनिर्णित आहे. विषय न फोडता लिहिला, तर मान्य भाग अनिर्णिताबरोबर अडकतो किंवा अनिर्णित भाग मान्यतेच्या आडून आत शिरतो.

सुट्या भागांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. दोराखेरीज सर्व सुटे भाग कंपनीचे, एवढे मान्य आहे. हे 'दोर वगळून सर्व सुट्या भागांचा खर्च कंपनी करील' असे लिहिले, तर वरवर पाहता चूक दिसत नाही. परंतु 'वगळून' या एका शब्दाने दोर कराराबाहेर काढला जातो. म्हणजे कंपनीची भूमिका मान्य मुद्द्यात शिरते आणि संस्था आपला दावा नकळत सोडून देते. म्हणून मान्य मुद्द्यात इतर भागांविषयी लिहून पुढे 'दोराच्या खर्चाचा प्रश्न आ-२ येथे अनिर्णित आहे' असा उल्लेख करावा.

४.२.७ सुधारित इतिवृत्त

वरील विवेचनानुसार त्याच बैठकीचे इतिवृत्त पुढीलप्रमाणे होईल. आरंभी दिनांक, वेळ, स्थळ आणि दोन्ही पक्षांच्या उपस्थितांची नावे व पदे स्वतंत्रपणे द्यावीत.

भाग अ : उभयपक्षी मान्य मुद्दे

अ-१. दोन्ही लिफ्टसाठी देखभाल करार सर्वसमावेशक स्वरूपाचा असेल. मजुरी आणि सुटे भाग यांचा खर्च वार्षिक दरात समाविष्ट राहील. पोलादी दोराच्या खर्चाचा प्रश्न आ-२ येथे अनिर्णित आहे.

अ-२. लिफ्टमध्ये व्यक्ती अडकल्यास ४५ मिनिटांच्या आत आणि अन्य बिघाडात ४ तासांच्या आत कंपनीचा तंत्रज्ञ इमारतीत पोहोचेल. मुदत फोन नोंदवल्यापासून मोजली जाईल. रात्रीही हीच मुदत लागू राहील.

भाग आ : अनिर्णित मुद्दे व पक्षांच्या भूमिका

आ-१. वार्षिक दर, कराराची मुदत आणि रक्कम देण्याची पद्धत काय असावी?
कंपनीची भूमिका : प्रति लिफ्ट वार्षिक रु. १,०८,००० अधिक कर. करार तीन वर्षांचा असल्यास आणि वर्षाची रक्कम आगाऊ दिल्यास रु. ९६,००० पर्यंत दर आणता येईल. त्यास वरिष्ठांची संमती घ्यावी लागेल. हा प्रस्ताव बैठकीच्या अखेरीस त्याच अटींवर कायम होता.
संस्थेची भूमिका : आरंभी रु. ९०,००० पर्यंत. नंतर एक वर्षाच्या करारासाठी रु. ९६,००० चा प्रतिप्रस्ताव. आगाऊ रकमेविषयी संस्थेने मत दिलेले नाही. कर धरून की वगळून याचा खुलासा संस्थेने करावयाचा आहे.

आ-२. पोलादी दोर बदलण्याचा खर्च कोणी करावयाचा?
कंपनीची भूमिका : हा खर्च संस्थेचा आहे. पुढे चर्चेस तयारी दर्शविली.
संस्थेची भूमिका : करार सर्वसमावेशक असल्याने दोर दरातच धरावा.

आ-३. अ-२ मधील मुदत न पाळल्यास कपात असावी काय?
संस्थेची भूमिका : प्रत्येक वेळी बिलातून रु. १,००० कपात व्हावी.
कंपनीची भूमिका : निश्चित उत्तर दिले नाही.

भाग इ : पुढील कृती

इ-१. आ-१ मधील दोन्ही प्रस्तावांवर वरिष्ठांचा निर्णय आणि आ-३ वरील उत्तर कंपनीने ७ दिवसांत लेखी कळवावे.
इ-२. आगाऊ रक्कम आणि कर याविषयी संस्थेने त्याच मुदतीत खुलासा करावा.

या इतिवृत्तात दर, मुदत आणि आगाऊ रक्कम हे तीन विषय आ-१ मध्ये एकत्र ठेवले आहेत. मागील विभागात आपण विषय फोडावेत असे म्हटले, आणि येथे ते जोडले. याचे कारण असे की कंपनीच्या प्रस्तावात ते परस्परांवर अवलंबून आहेत. ते फोडले असते, तर ९६,००० हा आकडा पुन्हा एकटा पडला असता. जे स्वतंत्रपणे मान्य होऊ शकते ते फोडावे. जे अटींनी बांधलेले आहे ते एकत्र ठेवावे.

आणखी एक गोष्ट लक्षात येईल. नीट लिहिताना बैठकीत सुटलेला प्रश्न उघडा पडला : संस्थेचे ९०,००० किंवा ९६,००० करासह होते की करावेगळे? बोलताना कोणाच्याही लक्षात न आलेली ही उणीव भूमिका लिहिताना दिसते. अशा ठिकाणी लेखकाने स्वतः उत्तर भरू नये. खुलाशाची नोंद करावी.

४.२.८ इतिवृत्त पाठविणे आणि पुढे चालविणे

हे इतिवृत्त दोन्ही पक्षांसाठी असते. म्हणून संस्थेची अंतर्गत मर्यादा, उदाहरणार्थ 'शेवटी एक लाखापर्यंत जाण्यास हरकत नाही' असे समितीत आधी झालेले बोलणे, यात येता कामा नये. ते संस्थेच्या स्वतंत्र टिपणात राहावे. इतिवृत्तातील भूमिका म्हणजे टेबलावर उच्चारलेली भूमिका.

मसुदा आठवणी ताज्या असतानाच, शक्य तर दुसऱ्याच दिवशी, दुसऱ्या पक्षाकडे पाठवावा आणि लेखी दुजोरा मागावा. '७ दिवसांत हरकत न आल्यास इतिवृत्त मान्य समजले जाईल' असे वाक्य अनेक ठिकाणी घालतात. त्याने उत्तर लवकर येण्यास मदत होते. परंतु करारकायद्यात केवळ मौन हे सामान्यतः स्वीकृती मानले जात नाही. भाग अ साठी तरी दोन्ही पक्षांच्या सह्या किंवा स्पष्ट लेखी होकार घ्यावा. सह्या झाल्या तरी अंतिम करारपत्र स्वतंत्रपणे करावयाचे असेल, तर तसे इतिवृत्ताच्या अखेरीस नमूद करावे.

पुढील बैठकीत क्रमांक बदलू नयेत. दोराचा प्रश्न सुटला, तर 'आ-२ : मान्य, पाहा अ-३' अशी नोंद करून नवा मुद्दा भाग अ मध्ये घ्यावा. जुन्या बैठकीतील भूमिका नव्या भूमिकेनुसार दुरुस्त करू नये. कंपनीने दर पुढे ९८,००० केला, तर ती नव्या तारखेची नवी भूमिका होय. जुन्या नोंदीत फेरफार केल्यास वाटाघाटी कशा सरकल्या हेच पुसले जाते.

४.३ सारांश

वाटाघाटींच्या बैठकीत दोन स्वतंत्र पक्ष असतात, म्हणून तेथे 'सर्वानुमते ठरले' हा साचा लागू पडत नाही. दोघांनी त्याच स्वरूपात, बिनशर्त आणि अधिकाराने स्वीकारलेली गोष्ट मान्य मुद्दा होय. उरलेले प्रश्न तटस्थ प्रश्नरूपात लिहून त्यांखाली प्रत्येक पक्षाची भूमिका कर्त्यासह आणि अटीसह द्यावी. 'ठरले' हे क्रियापद मान्य मुद्द्यांसाठी राखावे, 'आपण' टाळावे, आणि सौजन्याच्या उत्तराला होकार समजू नये. स्वतंत्र गोष्टी फोडाव्यात, अटींनी जोडलेल्या गोष्टी एकत्र ठेवाव्यात.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) पुढील वाक्ये मान्य मुद्दा, अनिर्णित मुद्दा की भूमिका, ते सांगा.
१. तंत्रज्ञ दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तपासणीस येईल, हे उभयपक्षी मान्य झाले.
२. तपासणीच्या वेळी लिफ्ट किती वेळ बंद ठेवता येईल?
३. करार पाच वर्षांचा असल्यास पहिली तपासणी विनामूल्य करण्याची तयारी कंपनीने दर्शविली.

आ) 'आपण जुने भाग परत घ्यावेत असे ठरले.' या वाक्यातील दोन संदिग्धता सांगा.

४.५ उत्तरे

अ) १. मान्य मुद्दा. २. अनिर्णित मुद्दा. ३. कंपनीची सशर्त भूमिका.

आ) 'आपण' म्हणजे संस्था की कंपनी हे कळत नाही, आणि 'घ्यावेत' या विध्यर्थामुळे ही एका पक्षाची मागणी आहे की दोघांनी मान्य केलेले कर्तव्य, हे 'ठरले' असूनही स्पष्ट होत नाही.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. वाटाघाटींच्या इतिवृत्तात अनिर्णित मुद्दा आणि भूमिका वेगळ्या का ठेवाव्यात, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२. एका शाळेची समिती ४० बाकांच्या खरेदीसाठी विक्रेत्याशी बोलत आहे. दर, पोहोचविण्याचा खर्च आणि मोडलेले बाक बदलून देण्याची मुदत या तीन विषयांवर १५ वाक्यांचा संवाद रचा. त्यात किमान एक सशर्त प्रस्ताव आणि एक सौजन्याचे उत्तर असू द्या. नंतर त्याचे इतिवृत्त भाग अ, आ, इ या रचनेत लिहा.